पंधरा ग्रॅमचा एक्स्चेंज घरच्या वाटीत आणि कणकेच्या गोळ्यात कसा बसवायचा

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय ६२) मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. आहारतज्ज्ञांनी चार्ट दिलाय. १ एक्स्चेंज म्हणजे १५ ग्रॅम कार्ब. दुपारी ४, रात्री ४, झोपताना १. चार्टवर लिहिलंय : १ पोळी = १/३ कप भात = १ लहान फळ = १ कप दूध. रात्री आम्ही २ पोळ्या, १ वाटी भात आणि जेवणावर १ केळं असे ४ मोजून देतो, झोपताना दूध. दुपारी ज्वारीच्या २ भाकऱ्या असतात. तरी रात्री जेवणानंतर दोन तासांनी साखर २४० च्या आसपास येते. आमची वाटी म्हणजे कप का? भाकरी किती धरायची? आम्ही नक्की कुठे चुकतोय?

उत्तर :

चार्ट बरोबर आहे आणि तुम्ही तो मनापासून पाळताय. घोटाळा एवढाच की चार्टवरची पोळी तुमच्या घरातली नाही, आणि चार्टवरचा कप म्हणजे तुमची वाटी नव्हे. रात्रीच्या ताटात तुम्ही ४ मोजता तेव्हा प्रत्यक्षात सातच्या वर एक्स्चेंज पडत असावेत. ते कसे, हे खाली मोजून दाखवते. एकदा घरच्या घरी तुम्हीही मोजून बघा, कारण माझे आकडे अंदाजाचे असतील, तुमच्या काट्यावरचे तुमचे असतील.

आधी कपाचं. एक्स्चेंजच्या याद्या मूळच्या अमेरिकेतल्या. १९५० साली तिथल्या आहारतज्ज्ञांच्या आणि मधुमेहाच्या संघटनांनी सरकारी आरोग्य विभागाबरोबर त्या पहिल्यांदा काढल्या. त्यातला कप हा तिकडचा मापाचा कप, साधारण २४० मिलीचा. म्हणजे १/३ कप भात म्हणजे ८० मिली, आपल्या नेहमीच्या आमटीच्या वाटीच्या जेमतेम अर्धा. आपल्या घरांतल्या वाट्या १२० मिलीपासून २०० मिलीपर्यंत कितीही असतात. तेव्हा 'एक वाटी भात म्हणजे एक' हे समीकरण बहुतेक घरांत चुकतं, आणि चुकतं ते जवळपास दुपटीने.

यावर उपाय म्हणून लोक मापाचे कप विकत आणतात. मी ते सुचवत नाही. भात कपात दाबून भरला की सैल भरला, यावरच वजनात मोठा फरक पडतो. त्यापेक्षा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणा. तो रोज वापरायचा नाही. एकदा बसून आपली वाटी, आपला गोळा, आपला पेला मोजून घ्यायचा आणि मग त्याच भांड्यांनी वाढायचं.

भात : तांदूळ कच्चे मोजा

कच्च्या पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅममागे साधारण ७८ ग्रॅम कार्ब असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे जे तक्ते काढले, त्यात हाच आकडा आहे, आणि त्यात तंतुमय भाग आधीच वगळलेला आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून एवढंच लक्षात ठेवा : २० ग्रॅम कच्चे तांदूळ म्हणजे एक एक्स्चेंज.

आता एक दिवस असं करा. कुकरचं रिकामं भांडं काट्यावर ठेवून त्याचं वजन लिहून घ्या. त्यात २०० ग्रॅम तांदूळ घ्या. हे झाले दहा एक्स्चेंज. नेहमीसारखं धुवा, नेहमीएवढं पाणी घाला, शिजवा. शिजल्यावर भांड्यासकट वजन करा आणि भांड्याचं वजन वजा करा. समजा भात ५६० ग्रॅम भरला. तो दहा एक्स्चेंजचा आहे, म्हणजे ५६ ग्रॅम भाताला एक. आता सासऱ्यांची रोजची वाटी घ्या, रोज भरता तशीच भरा आणि आतल्या भाताचं वजन बघा. १५० मिलीच्या वाटीत बहुधा १०५ ते ११५ ग्रॅम भात बसेल, म्हणजे दोन एक्स्चेंज. तुमच्या ताटातला पहिला वाढीव एक्स्चेंज इथे सापडला.

पाण्याचं प्रमाण घरोघरी वेगळं असतं म्हणून ही खटपट. कुणाकडे मोकळा भात, कुणाकडे मऊ. मऊ भातात पाणी जास्त, त्यामुळे तेच २०० ग्रॅम तांदूळ ७०० ग्रॅम भात देतील आणि एक एक्स्चेंज ७० ग्रॅमचा होईल. इंद्रायणीसारखा चिकट भात वाटीत घट्ट बसतो, तो वाटीच्या मापाने मोजला तर नेहमीच कमी मोजला जातो. तांदळाची जात बदलली किंवा पाणी बदललं की हे वजन एकदा पुन्हा करून घ्या.

हातसडीच्या किंवा ब्राउन तांदळाबद्दल नेहमी विचारलं जातं. त्यात कोंडा असतो, तंतू जास्त असतात, साखर थोडी सावकाश चढते. पण त्याचे २० ग्रॅमही जवळजवळ एक एक्स्चेंजच. 'हातसडीचा आहे' म्हणून दुप्पट वाढला तर मिळालेला फायदा तिथेच संपतो. पेज काढून टाकलेल्या भाताचंही तेच. थोडा स्टार्च पेजेबरोबर जातो हे खरं, पण ताटात येणाऱ्या भातात बहुतेक सगळा राहतो. त्यासाठी मोजणीत सूट देऊ नका.

पोळी आणि भाकरी : गोळा मोजा, भाजलेली नको

गव्हाच्या पिठात, म्हणजे कणकेत, शंभर ग्रॅममागे सुमारे ६४ ग्रॅम कार्ब असतं. म्हणजे २३ ग्रॅम कोरडी कणीक हा एक एक्स्चेंज. रोज प्रत्येक पोळीची कणीक कोण मोजणार? म्हणून भातासारखीच युक्ती. परातीत २३० ग्रॅम कणीक घ्या, हे दहा एक्स्चेंज. नेहमीसारखी भिजवा आणि भिजवलेल्या गोळ्याचं वजन करा. साधारण ३७० ग्रॅम भरेल. म्हणजे ३७ ग्रॅमच्या गोळीची पोळी ही एक एक्स्चेंज.

३७ ग्रॅमची गोळी हातात घेऊन बघाच. मोठ्या लिंबाएवढी असते आणि तिचा फुलका जेमतेम सहा इंचांचा होतो. चार्टवरची पोळी ती. आपल्याकडची घडीची पोळी तव्याएवढी. तिचा गोळा मी घरोघरी विचारते तेव्हा ५० ते ६५ ग्रॅमच्या दरम्यान निघतो. लाटताना लावलेलं कोरडं पीठ धरलं तर अशी पोळी दीडच्या खाली येत नाही. दोन पोळ्या म्हणजे तीन एक्स्चेंज. तुमचा दुसरा वाढीव एक्स्चेंज हा.

इथे तेलाविषयी एक खुलासा, कारण पुष्कळ घरांत पोळीला तेल लावायचं बंद केलं की पोळीची मोजणी ढिली होते. तेलातुपात कार्ब नसतं. कोरडा फुलका आणि तेल लावलेली तेवढ्याच कणकेची पोळी, दोघींचा एक्स्चेंज सारखा. तेल कमी करण्याची कारणं वेगळी आहेत, वजन आणि हृदय. पण कोरडी आहे म्हणून एक पोळी जास्त, हे गणित बरोबर नाही.

भाजलेल्या पोळीचं वजन करू नका. तव्यावर किती पाणी उडालं यावर ते बदलतं. सकाळची पोळी संध्याकाळी आणखी हलकी भरेल, कार्ब मात्र तेवढंच.

आता तुमची भाकरी. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅममागे ६८ ग्रॅमच्या आसपास कार्ब आहे. म्हणजे कणकेपेक्षा थोडं जास्तच, कमी नाही. बाजरी ६२च्या आसपास, नाचणी ६७च्या आसपास. रोजच्या हिशेबाला तिन्हींचं २२ ते २४ ग्रॅम कोरडं पीठ एक एक्स्चेंज धरलं तरी चालतं. ज्वारी 'मधुमेहाला चांगली' हे मी स्वतः सांगते. तिच्यात तंतू भरपूर आहेत, पोट लवकर भरतं, मैद्याच्या पावाशी तुलनाच नको. पण त्या चांगुलपणाचा अर्थ 'मोजायची गरज नाही' असा घेतला जातो आणि साखर तिथे वाढते.

भाकरीचं पीठ एकेका भाकरीपुरतं मळलं जातं, त्यामुळे इथे गोळ्याऐवजी कोरडं पीठच मोजा. भाकरी थापणारीने नेहमीसारखं पीठ परातीत घ्यावं आणि मळायच्या आधी तेवढं काट्यावर ठेवावं. तव्यावर मावणाऱ्या हातभाकरीला ७० ते ८० ग्रॅम पीठ लागतं. ७५ ग्रॅम धरलं तर ५१ ग्रॅम कार्ब, म्हणजे जवळजवळ साडेतीन एक्स्चेंज, एकाच भाकरीत. दोन भाकऱ्या म्हणजे सात. वर उसळ. दुपारचे ४ ठरलेत, आणि ताटात आठ जाताहेत. तुम्ही रात्रीच्या आकड्याबद्दल विचारलंत, पण दुपारी जेवणानंतर दोन तासांनी एकदा साखर बघा. तीही चढलेली सापडेल असं मला वाटतं.

सासऱ्यांना 'भाकरी अर्धीच खा' असं सांगायला तुम्हाला जड जाईल, आणि त्यांनाही ते पटणार नाही. त्यापेक्षा ४५ ग्रॅम पिठाची लहान भाकरी थापा. दोन एक्स्चेंज होतील आणि ताटात ती अख्खी दिसेल. पिठासाठी एक छोटी वाटी किंवा डबीचं झाकण ठरवून ठेवा, ज्यात बरोबर ४५ ग्रॅम पीठ बसतं. रोज काटा काढायला लागणार नाही.

वरण, उसळ, बटाटा : चार्टवर दिसत नसलेले

तुमच्या प्रश्नात वरणाचा उल्लेख नाही. पण भात आहे म्हणजे वरण असणार. डाळी-कडधान्यांत प्रथिनं असतात म्हणून ती मोजायची नाहीत असा समज आहे, पण तूरडाळीत निम्म्याहून जास्त वजन कार्बचं असतं. वाटीभर घट्टसर वरणात २० ते २५ ग्रॅम कोरडी डाळ असते, म्हणजे ११ ते १४ ग्रॅम कार्ब. ते एक एक्स्चेंज धरा. पातळ आमटी असेल तर अर्धा. मटकीची किंवा चवळीची वाटीभर उसळ एक. बटाटा भाजी म्हणून मोजू नका, १०० ग्रॅम बटाटा एक एक्स्चेंज आहे. पालेभाज्या, वांगी, भेंडी, दोडका, काकडी हे नेहमीच्या प्रमाणात मोजायची गरज नाही. अंडी, मासे, चिकन, पनीर यांत कार्ब नगण्य.

फळ : सोलून मोजा

'एक फळ' हे माप नव्हेच. चार्टवर 'एक लहान फळ' लिहितात ते जागा कमी असते म्हणून. सालं, बिया, कोय काढून जे खाल्लं जातं त्याचं वजन धरायचं.

तुमच्या केळ्यापासून सुरुवात करू. सोललेल्या केळ्यात शंभर ग्रॅममागे २० ते २३ ग्रॅम कार्ब असतं, म्हणून ७० ग्रॅम गर हा एक एक्स्चेंज. बाजारात नेहमी मिळणारं लांब केळं सोलून १०० ते १२० ग्रॅम भरतं, म्हणजे दीड. वेलची केळं लहान असतं, दोन वेलची केळ्यांना साधारण एक एक्स्चेंज पडतो. एकच खायचं असेल तर वेलची घ्या, अर्ध्यात काम होईल आणि 'केळं खाल्लं' हे समाधानही राहील.

बाकी फळं दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. एका टोकाला दाट गोड गराची : सीताफळ, चिकू, केळं. यांचा ६५ ते ७५ ग्रॅम गर एक एक्स्चेंज. मध्यम चिकू सोलून जवळपास तेवढाच भरतो. दुसऱ्या टोकाला पाणीदार : कलिंगड २०० ग्रॅम, पपई १४० ग्रॅम. मध्ये सफरचंद ११० ग्रॅम, संत्र्याच्या फोडी १३० ग्रॅम, द्राक्षं ८५ ग्रॅम. पेरूत तंतू खूप असल्यामुळे १५० ग्रॅमपर्यंत चालतो, आणि चावायला वेळ लागतो हा त्याचा आणखी एक फायदा. मला विचाराल तर आपल्याकडच्या फळांत मधुमेह्यासाठी सगळ्यात सोयीचं फळ तेच.

आंब्याच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून त्याचा हिशेब पूर्ण देते. हापूसच्या गरात शंभर ग्रॅमला सुमारे १५ ग्रॅम कार्ब, म्हणजे १०० ग्रॅम गर बरोबर एक एक्स्चेंज. अडीचशे ग्रॅमच्या फळातून साल-कोय जाऊन १६०-१७० ग्रॅम गर निघतो. म्हणजे अख्खा आंबा दीड ते पावणेदोन एक्स्चेंज. आंबा मधुमेह्याला बंद नाही, पण तो पोळीच्या जागी यायला हवा. एका एक्स्चेंजची पोळी काढून १०० ग्रॅम आंब्याच्या फोडी, हा अदलाबदलीचा खरा अर्थ. चार पोळ्या आणि वर आमरस, यात अदलाबदल काहीच झाली नाही. आमरसाची वाटी तर दीड-दोन आंब्यांची असते आणि ती प्यायला दोन मिनिटं लागतात. फळांचे रस या यादीत मी धरतच नाही. त्यांची जागा पुढे साखर उतरल्यावर येते.

दूध : इथे तुम्ही उलट जास्त मोजताय

दुधातलं कार्ब म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर, लॅक्टोज. गाईच्या आणि म्हशीच्या दुधात ती शंभर मिलीला ५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १५ ग्रॅमसाठी ३०० मिली दूध लागतं. अमेरिकेच्या यादीत २४० मिलीचा कप १२ ग्रॅमचा आहे आणि सोयीसाठी तो एक एक्स्चेंज म्हणून मोजतात. तुमचा पेला २०० मिलीचा असेल तर त्यात १० ग्रॅम, म्हणजे दोन-तृतीयांश एक्स्चेंज. झोपताना एक म्हणून तुम्ही देताय तिथे कमीच जातंय, आणि ते ठीक आहे. वाढवायची गरज नाही.

साय काढल्याने किंवा टोन्ड दूध आणल्याने हा आकडा बदलत नाही. साय म्हणजे चरबी, लॅक्टोज पाण्याच्या भागात असतं. म्हशीचं दूध गाईपेक्षा जड आहे ते चरबीमुळे. दह्यात विरजणाचे जंतू थोडं लॅक्टोज खाऊन टाकतात, तरी दही दुधाएवढंच धरा, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला होईल. पातळ ताक एक पेला असेल तर मोजू नका.

दुधात काय घालता ते मात्र सांगा. चहाचा एक सपाट चमचा साखर ४ ते ५ ग्रॅम, गुळाचंही तेवढंच. दूधपावडरी, चॉकलेटी भुकट्या घालत असाल तर डब्याच्या मागे दर वाढणीला किती कार्बोहायड्रेट आहे ते वाचा. दोन चमच्यांत आणखी एक एक्स्चेंज येऊ शकतो.

तुमचं रात्रीचं ताट, मोजून

पोळ्या दोन, ५६ ग्रॅमच्या गोळ्याच्या : ४५ ग्रॅम कार्ब. भात १५० मिलीची वाटी : ३० ग्रॅम. वरण एक वाटी : १२ ग्रॅम. केळं सोलून १०० ग्रॅम : २२ ग्रॅम. एकूण १०९ ग्रॅम. ४ एक्स्चेंज म्हणजे ६० ग्रॅम. जवळजवळ ५० ग्रॅम जास्त, सवातीन एक्स्चेंज.

हे ताट ४ मध्ये बसवायचं तर आधी फळ जेवणावरून काढा. ते सकाळी अकराच्या सुमारास द्या, आणि चार्टमध्ये त्या वेळेला एक एक्स्चेंज आहे का ते बघा, नसेल तर आहारतज्ज्ञांना विचारून हलवा. मग राहिले ४. त्यांना भात आवडत असेल तर एक वाटी भात २, वाटीभर वरण १, आणि ३७ ग्रॅमच्या गोळीचा एक फुलका १. पोळी आवडत असेल तर तसे दोन फुलके २, अर्धी वाटी भात १, वरण १. ताट रिकामं वाटू नये म्हणून पालेभाजी किंवा वांगं-दोडक्याची भाजी दुप्पट वाढा आणि जेवणाच्या सुरुवातीला द्या. रात्री अंडं किंवा मासा असेल तर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

ही मोजणी अगदी काटेकोर १५ वर यायला हवी असं नाही. एका एक्स्चेंजमध्ये १२ ते १८ ग्रॅमपर्यंत चालतं. पण भाकरीसारखी एकाच्या जागी साडेतीनची चूक चालत नाही, आणि रोज वेगळी संख्या होणंही चालत नाही. गोळ्यांवर असलेल्या माणसाला रोज त्याच वेळी साधारण तेवढंच कार्ब मिळणं सगळ्यात उपयोगाचं.

ठरवलेलं बरोबर चाललंय का, हे कसं कळेल

तुम्ही जेवणानंतरची २४० सांगितलीत, जेवणाआधीची सांगितली नाहीत. तिच्याशिवाय या आकड्याचा अर्थ लागत नाही. जेवायच्या आधी १३० असेल आणि नंतर २४०, तर ११०ची चढ ताटामुळे आहे. पण आधीच २०० असेल तर जेवणाने फक्त ४० वाढवले, आणि दोष रात्रीच्या ताटाचा नाही. मग दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं किंवा औषधं बघावी लागतील. म्हणून पुढच्या काही दिवसांत रात्री जेवणाचा पहिला घास घेण्याआधी एकदा आणि तिथून मोजून दोन तासांनी एकदा, अशा जोड्या लिहा. शेजारी ताटात काय होतं तेही. फरक ५०च्या आत राहिला तर ताट बसलं असं समजा.

याच पद्धतीने आणखी एक गोष्ट कळते, जी कुठलाही चार्ट सांगू शकत नाही. एक्स्चेंज फक्त कार्ब किती आहे ते मोजतो. ते किती वेगाने रक्तात उतरतं ते मोजत नाही. दुधातलं कार्ब सावकाश येतं, मऊ भातातलं लवकर. आणि माणसागणिकही फरक असतो. एका रात्री ४ एक्स्चेंज भाताकडे झुकलेले द्या, दुसऱ्या रात्री तेवढेच भाकरीकडे झुकलेले, दोन्ही वेळा जोडी मोजा. सासऱ्यांना भाताने ८० चढत असेल आणि भाकरीने ४५, तर भात त्यांच्यासाठी दुपारकडे किंवा अर्ध्या वाटीवर आणा. दोघांत फरकच पडत नसेल तर त्यांचा रात्रीचा भात विनाकारण बंद करू नका.

हे बदल करण्याआधी डॉक्टरांना एक फोन

हा भाग मी शेवटी लिहितेय, पण करायचा पहिला. दुपारी आठवरून चारवर आणि रात्री सातवरून चारवर एकदम आणणं म्हणजे रोजचं जवळपास १०० ग्रॅम कार्ब कमी करणं. सध्याच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी जुन्या जेवणावर दिसणाऱ्या साखरेकडे बघून ठरवलेला असणार. त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, तर एवढं जेवण कमी होताच साखर ७०च्या खाली उतरू शकते, विशेषतः पहाटे किंवा दुपारच्या जेवणाआधी. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फारच कमी. गोळीच्या पाकिटावरची नावं वाचून डॉक्टरांना सांगा, आता जेवण किती होतं आणि किती करणार आहोत हेही सांगा, आणि डोस ते ठरवतील. शक्यतो बदलही टप्प्याने करा : आधी रात्रीचं केळं हलवा आणि पोळीचा गोळा लहान करा, मग काही दिवसांनी दुपारची भाकरी.

घाम, थरथर, अचानक भूक, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर लगेच साखर बघा. ७०च्या खाली असेल तर इथेही तोच १५ ग्रॅमचा आकडा लागतो, पण पदार्थ वेगळा : तीन सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा अर्धा कप फळांचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. दूध, पोळी, बिस्किटं त्या क्षणी देऊ नका. चरबी आणि स्टार्चमुळे ती सावकाश चढवतात. साखर ७०च्या वर आली आणि पुढच्या जेवणाला वेळ असला की मग एक एक्स्चेंजचं खाणं द्या. माणूस गिळू शकत नसेल किंवा शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना.

गोळीच्या नावांत व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज दिसलं तर घरात ग्लुकोज पावडर आणून ठेवा. ही औषधं आतड्यात साधी साखर फोडू देत नाहीत, त्यामुळे साखरपाणी वेळेवर काम करत नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर काट्यावर एकदा मोजा, एका छोट्या पुडीत बांधा, आणि एक पुडी सासऱ्यांच्या खिशात, एक स्वयंपाकघरात ठेवा.